‘काटा’ : चोवीस भागांच्या कथेच्या कामाच्या नोंदी

१२ ऑक्टोबर २०२४, दसरा

आज वही उघडली. कथेचं नाव ‘काटा’. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर रात्रपाळी करणारा कारकून वारतो आणि त्याच्या मुलीला, शालनला, त्याची खिशातली डायरी सापडते. डायरीत काही ट्रॅक्टरांचे नंबर आहेत आणि प्रत्येकापुढे रिकाम्या गाडीची दोन वजनं लिहिली आहेत, एक दिवसाचं, एक रात्रीचं. रात्रीचं वजन दर वेळी तीनशे किलोंच्या आसपास जास्त. ज्याला काटा ठाऊक आहे त्याला एवढ्यावरच कळेल : भरलेल्या वजनातून रिकामं वजन वजा होतं, म्हणून रिकामं वजन फुगवलं की शेतकऱ्याचा ऊस कागदावर कमी भरतो. काळ १९९०च्या दशकातला ठेवला आहे, कारण मला पावत्या हाताने लिहिलेल्या आणि सही केलेल्या हव्या आहेत.

एकूण चोवीस भाग, प्रत्येकी बाराशे शब्दांच्या आसपास. दर गुरुवारी रात्री नऊला व्हॉट्सअॅपच्या ब्रॉडकास्ट यादीवरून पाठवायचे. एका यादीत २५६ माणसं बसतात, माझ्याकडे सध्या निम्मीही नाहीत. पहिला भाग सहा भाग तयार झाल्याशिवाय पाठवणार नाही. मागच्या कथेला लिहीन तसं पाठवत गेले आणि सातव्या भागावर अडकले, ती कथा अजून तिथेच आहे. ते पुन्हा होऊ द्यायचं नाही.

७ नोव्हेंबर

पहिला भाग गेला. शेवट डायरीतल्या दोन आकड्यांवर केला आणि खाली ‘क्रमशः’.

एक गोष्ट लगेच कळली. ज्यांनी माझा नंबर फोनमध्ये साठवलेला नाही त्यांना ब्रॉडकास्ट पोचतच नाही. अकरा जणांनी ‘भाग आला नाही’ म्हणून कळवलं. प्रत्येकाला वेगळा निरोप पाठवून नंबर साठवायला सांगितलं.

२१ नोव्हेंबर

काल विधानसभेचं मतदान झालं, परवा निकाल. आज कोणी कथा वाचणार नाही म्हणून भाग शनिवारनंतर पाठवावा असं धाकट्या भावाचं म्हणणं. नाही ऐकलं. गुरुवारी नऊला भाग येतो हे लोकांच्या अंगवळणी पडायला अजून वेळ आहे, तिसऱ्याच आठवड्यात वार हलवला तर ती सवय लागायचीच नाही. भाग गेला. वाचतील कमी जण, पण रविवारपर्यंत बहुतेकांच्या निळ्या खुणा येतील.

२८ नोव्हेंबर

चौथा भाग. शालन डायरी घेऊन बसली आहे, घरात एकटी, पहाटेचे चार, आणि दारावर थाप पडते. ‘क्रमशः’. अर्ध्या तासात एकोणीस निरोप आले, सगळे ‘कोण आहे?’ विचारणारे. आतापर्यंत एवढा प्रतिसाद कुठल्याच भागाला नव्हता.

५ डिसेंबर

पाचवा भाग. दारात दूधवाला होता.

नाशिकच्या एका ताईंनी लिहिलं : ‘थाप कुणाची म्हणून आठवडाभर वाट पाहिली आणि निघाला दूधवाला. आता पुढच्या वेळी तुम्ही दार वाजवलंत तर मी उठणार नाही.’ हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे.

त्यांचं बरोबर आहे. मी थाप लिहिली तेव्हा दारात कोण आहे हे मलाच ठाऊक नव्हतं. भाग कुठेतरी तोडायचा म्हणून दार वाजवलं आणि मग त्या थापेला कारण शोधलं. वाचकाने आपला आठवडा दिला, त्या बदल्यात त्याच्या हाती काहीच आलं नाही. चौथा भाग होता तिथूनच पाचवा सुरू झाला, शालनला नवीन काही कळलं नाही, तिच्यापुढे नवं संकटही आलं नाही.

सहावा भाग तयार आहे. त्याचा शेवटही अशाच जातीचा आहे, रस्त्यावर मागून येणारी मोटारसायकल. आज रात्री तो बदलायला बसते.

८ डिसेंबर

रविवारी दिवसभर एकच गोष्ट वाचली आणि तिच्यावर विचार केला. इंग्रजीत अशा शेवटाला ‘क्लिफहँगर’ म्हणतात, म्हणजे कड्याला लोंबकळणारा. टॉमस हार्डीची ‘अ पेअर ऑफ ब्लू आइज’ ही कादंबरी १८७२-७३ मध्ये मासिकातून हप्त्याहप्त्याने आली. तिच्यात हेन्री नाइट हा माणूस समुद्राकाठच्या कड्यावरून घसरतो आणि कड्याला धरून लटकलेला राहतो. हा शब्द त्या प्रसंगावरून आला असं पुष्कळदा सांगतात. तो रूढ झाला मात्र पुष्कळ नंतर, अमेरिकेतल्या हप्त्यांच्या चित्रपटांच्या काळात.

माझं लक्ष पुढच्या प्रकरणाकडे होतं. हार्डी नाइटला लगेच वर काढत नाही. लटकलेल्या नाइटला समोरच्या खडकात एक जीवाश्म दिसतो, कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेला ट्रायलोबाइट, आणि त्याचे दगड झालेले डोळे नाइटकडे पाहत असतात. नाइट भूगर्भशास्त्र जाणणारा आहे, म्हणून त्या डोळ्यांतून त्याला सगळा काळ दिसतो. त्याच वेळी एल्फ्रिड दिसेनाशी झालेली असते. ती आपले आतले कपडे फाडून, गाठी मारून दोर करत असते. म्हणजे वाट पाहणाऱ्या वाचकाला सुटका तर मिळतेच, शिवाय नाइटच्या मनाचा एक कोपरा आणि एल्फ्रिडची धिटाईही मिळते. नाइट वर येतो तेव्हा त्या दोघांमधलं नातं आधीचं उरत नाही.

माझ्या थापेत नेमकं हे नव्हतं. दार उघडल्यावर काही बदललं असतं तर दूधवालाही चालला असता. समजा, त्याने विचारलं असतं, ‘रात्री तुमच्याकडे काट्यावरचा मुकादम आला होता ना?’ आणि शालनला कोणी आल्याचं ठाऊकच नसतं. माणूस तोच, थाप तीच, आणि आठवडाभराची वाट वाया गेली नसती.

सहाव्या भागातली मोटारसायकल काढून टाकली. आता शेवटी शालन शेजारच्या बापूंकडे जाऊन त्यांच्या जुन्या वजनपावत्या मागते, आणि बापू म्हणतात, ‘देतो. पण तुझ्या बापाबद्दल काही निघालं तर मला आधी सांगायचं.’ दार वाजत नाही, कोणी पाठलागही करत नाही. तरी हा शेवट जास्त ओढतो असं मला वाटतं.

२२ डिसेंबर

वहीत मागच्या बाजूने नवं खातं काढलं : प्रश्नांची नोंद. तीन रकाने. प्रश्न, कुठल्या भागात उघडला, कुठल्या भागात मिटला.

ही कल्पना माझी नाही. डिकन्स मासिक हप्त्यांच्या कादंबऱ्या लिहिताना प्रत्येक हप्त्यासाठी एक कागद घ्यायचा. उजव्या बाजूला त्या हप्त्यातल्या प्रकरणांची टिपणं, डाव्या बाजूला स्वतःलाच विचारलेले प्रश्न : अमका या हप्त्यात आणायचा का? आणि पुढे उत्तर, ‘हो’, ‘नाही’, किंवा ‘इतक्यात नाही’. त्यातलं ‘इतक्यात नाही’ मला फार उपयोगी वाटतं. प्रश्न विसरलेला नाही, मुद्दाम थांबवला आहे, हे लिहिणाऱ्याला कागदावर दिसतं.

माझं खातं भरलं तेव्हा कळलं की सात भागांत मी नऊ प्रश्न उघडले आणि एकच मिटवला. थापेचा.

२९ डिसेंबर

नवव्या भागाच्या शेवटावर तीन दिवस गेले. तिन्ही खर्डे उतरवून ठेवते.

प्रसंग असा. बापूंनी पावत्यांचं पाकीट दिलं आहे. शालन त्या डायरीशी ताडून पाहते. डायरीतल्या एका रात्रीची पावती सापडते. त्या पावतीवर फुगवलेलं रिकामं वजन आहे आणि खाली वजन घेणाऱ्याची सही आहे, तिच्या वडिलांची, अण्णांची. म्हणजे चोरी पकडण्यासाठी डायरी लिहिणाऱ्या माणसानेच त्या चोरीवर सही केली होती.

पहिला खर्डा : ‘तिने ती पावती उजेडात धरली. खालची सही वाचली आणि तिचे हात थरथरू लागले. क्रमशः.’ हा खोटा आहे. शालनला सही कुणाची ते कळलं, माझ्याही लक्षात आहे, फक्त वाचकापासून दडवली. शालनच्या डोळ्यांनी कथा सांगायची आणि ऐन वेळी वाचकाचे डोळे झाकायचे, ही थापेचीच दुसरी तऱ्हा. पुढच्या आठवड्यात नुसतं नाव सांगून हा प्रश्न संपतो.

दुसरा खर्डा : ‘सही अण्णांची होती. क्रमशः.’ हा सच्चा आहे आणि धक्काही आहे. पण पुढे काय याचं उत्तर फार मोघम. वाचक म्हणेल, अरे बाप रे, आणि फोन ठेवून देईल. शालनने अजून काही केलेलं नाही, म्हणून पुढच्या गुरुवारी नेमकं कशाची वाट पाहायची हे त्याला कळत नाही.

तिसऱ्या खर्ड्यात सही दिसल्यावर आणखी दहा ओळी पुढे गेले. बापू दारात येतात. विचारतात, ‘काही सापडलं का गं पोरी?’ शालन पाकिटाला रबर लावते आणि म्हणते, ‘नाही बापू. यात नव्हतं काही.’ क्रमशः.

हाच ठेवला. आता वाचकाला शालनइतकंच ठाऊक आहे, आणि तिने एक गोष्ट केली आहे जी माघारी घेता येत नाही. सहाव्या भागात बापूंनी अट घातली होती, ती आज मोडली. पुढच्या गुरुवारची वाट पाहण्याचं कारण आता अगदी नेमकं आहे : बापूंना कळेल का?

खर्डा मामांना वाचून दाखवला. त्यांनी काट्यावर उमेदीची वर्षं घालवली. शेवट ऐकून ते गप्प बसले, मग म्हणाले, ‘बापू शेतकरी ना? मग त्याला आपल्या पावत्या किती ते पाठ असणार. बिल निघेपर्यंत माणूस पावत्या मोजत बसतो.’ मामांच्या या एका वाक्याने मला दहाव्या भागाची सुरुवात मिळाली. बापू काही बोलत नाहीत. पाकीट घेतात, ओसरीवर बसून थुंकी लावून पावत्या मोजतात आणि म्हणतात, ‘दिल्या तेव्हा सतरा होत्या.’

नवव्या भागाने टांगलेला प्रश्न दहाव्याच्या पहिल्या शंभर शब्दांत मिटतो आणि त्यातूनच दुसरा निघतो. इथून पुढे हाच क्रम धरते. आधीच्या शेवटाचं देणं पहिल्या पानावर द्यायचं. ते भागाच्या शेवटापर्यंत ओढलं की वाचक मधल्या ओळी गाळून खाली जातो.

३ जानेवारी २०२५

काल भाग गेला. या वेळी ‘पुढे काय?’ असे निरोप थोडे आणि भांडणंच जास्त. शालनने बापूंना सांगायला हवं होतं, नव्हतं सांगायला हवं. एका काकांनी आपल्या वडिलांची गोष्ट लिहिली, ती इथे उतरवत नाही. चौथ्या भागाला एकोणीस निरोप होते, काल चौदा, पण हे चौदा चार-चार ओळींचे आहेत.

१८ जानेवारी

शिल्लक भाग दोन. संक्रांतीला पाहुणे, त्यात शाळेचं स्नेहसंमेलन. सहावरून दोनवर कशी आले ते कळलंच नाही.

२ फेब्रुवारी

तेरावा भाग परवाच्या गुरुवारी गेला. त्यानंतरच्या निरोपांनी काळजी वाटते. ‘तो मुकादम म्हणजे कोण होता?’, ‘उचल कुणी घेतली होती, मागे आलं होतं का?’ असे चार निरोप आले. लोक ‘पुढे काय’ विचारतात तोपर्यंत कथा ठीक चालली आहे. ‘मागे काय’ विचारायला लागले की धागे जास्त झाले.

खातं पाहिलं : चौदा प्रश्न उघडे, तीन मिटलेले. आठवड्याने वाचणाऱ्याच्या डोक्यात चौदा प्रश्न राहणार नाहीत. सलग पुस्तक वाचणाऱ्याच्या राहतीलही, पण इथे दोन भागांमध्ये त्याच्या घरचे सात दिवस जातात.

दोन कामं केली. तोडणी टोळीच्या उचलीचा, म्हणजे आगाऊ दिलेल्या पैशांचा धागा आणि मुकादमाचा धागा एकत्र आणले : रात्री जास्तीच्या वजनातून सुटलेले पैसे मुकादम उचलीत वळवतो. त्याने चार प्रश्न एका फटक्यात मिटतात, आणि ते चौदाव्या भागातच मिटवते. शिवाय प्रत्येक भागाच्या डोक्यावर ‘शालनला आतापर्यंत ठाऊक आहे ते’ अशा तीन ओळी घालायच्या. कथेचा सारांश द्यायचा नाही, फक्त तिला काय माहीत आहे ते. दोन भाग चुकलेला माणूस तेवढ्यावर आत येऊ शकतो, आणि नेमाने वाचणाऱ्याला त्या ओळींत कधी एखादी गोष्ट दिसते जी त्याच्या नजरेतून सुटली होती.

१३ फेब्रुवारी

आज भाग गेला नाही. आई दवाखान्यात होती, शिल्लक शून्य. संध्याकाळी सहाला यादीला दोन ओळी पाठवल्या : पंधरावा भाग पुढच्या गुरुवारी, नऊला. कारण लिहिलं नाही.

२० फेब्रुवारी

भरपाई म्हणून पंधरावा आणि सोळावा एकदम पाठवले. चूक झाली.

पंधराव्या भागाच्या शेवटी शालन कारखान्याच्या चिटबॉयला, तोडणीच्या चिठ्ठ्या वाटणाऱ्या पोराला विचारते की अण्णा वारले त्या रात्री काट्यावर पाळी कुणाची होती, आणि तो उत्तर न देता सायकलवर बसून निघून जातो. या शेवटावर मला वाटलं होतं लोक तुटून पडतील. कुणीच बोललं नाही, कारण सोळावा भाग खालीच होता. बोट सरकवलं की उत्तर. दोन भाग एकदम वाचून लोकांनी ‘छान’ लिहिलं आणि संपलं.

मधले सात दिवस म्हणजे नुसती रिकामी जागा असं मी धरून चालले होते. पण थाप, सतरा पावत्या, अण्णांची सही, या सगळ्यांवरचं बोलणं त्या सात दिवसांतच झालं. एका बाईंनी सांगितलं होतं की त्या आणि त्यांची जाऊ दोघी भाकरी करताना बापूंवर वाद घालतात. त्या वादाला वेळ लागतो. हप्ता चुकला तर चुकला, पुढचा एकच पाठवायचा आणि कथा एक आठवडा उशिरा संपवायची. या वेळी शेवटची तारीख १७ एप्रिलच राहील कारण दोन्ही गेलेच आहेत, पण पुन्हा नाही.

हरि नारायण आपट्यांनी १८९०मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केलं आणि स्वतःच्या कादंबऱ्या त्यातून क्रमशः दिल्या. आठवड्याचा अंक भरायचा आणि कादंबरीही पुढे न्यायची, हे त्यांनी वर्षानुवर्षं केलं. माझे दोन हजारही शब्द होईनात आठवड्याला, याचं आज फार वाईट वाटलं.

१३ मार्च, होळी

एकोणिसावा भाग नऊलाच. शिल्लक पुन्हा तीनवर आणली आहे. पहाटे पाच ते साडेसहा लिहिते, रविवारी दोन तास जास्त. तीनच्या खाली गेली तर त्या आठवड्यात नवा भाग लिहिण्याखेरीज कथेचं दुसरं काही काम करायचं नाही, सुधारणाही नाही.

शिल्लक असण्याचा खरा फायदा आज दिसला. एकविसाव्या भागात मला बापूंच्या तोंडी एक वाक्य हवं होतं ज्याची पेरणी विसाव्यात लागते. विसावा अजून माझ्याकडेच होता, म्हणून पेरता आली. लिहीन तसं पाठवत असते तर बापूंना ते वाक्य आकाशातून पडल्यासारखं बोलावं लागलं असतं.

१० एप्रिल

तेविसावा भाग. शेवट कुठल्याही धक्क्यावर केला नाही. शालन डायरी कारखान्याच्या सर्वसाधारण सभेत घेऊन जाते आणि आपला नंबर येण्याची वाट पाहत मागच्या रांगेत बसते. एवढंच. ती बोलणार की नाही हा प्रश्न वाचकांनी नवव्या भागापासून स्वतःच वाढवला आहे, मला त्यात भर घालायची गरज नव्हती.

१७ एप्रिल

चोविसावा भाग गेला. ‘क्रमशः’च्या जागी ‘समाप्त’ लिहिताना हात अडखळला. रात्री अकरापर्यंत निरोप येत होते. नाशिकच्या ताईंनी लिहिलं, ‘दूधवाल्याला माफ केलं.’

२० एप्रिल

प्रश्नांचं खातं मिटवायला बसले. एकूण तेवीस प्रश्न, एकवीस मिटले. दोन मुद्दाम उघडे ठेवले होते : अण्णांनी सही भीतीने केली की पैशासाठी, आणि बापूंना सतरावी पावती कुठली होती ते आधीपासून ठाऊक होतं का. दोन्हींपुढे ‘इतक्यात नाही’ लिहिलं होतं, ते खोडून ‘नाही’ केलं.

मग दुपारी भाकरीवाल्या बाईंचा निरोप आला. त्यांच्या जाऊबाई म्हणतात, सहाव्या भागात बापूंनी अट घातली तेव्हाच त्यांना सगळं ठाऊक होतं, नाहीतर ‘तुझ्या बापाबद्दल’ असं ते म्हणालेच नसते. मी सहावा भाग काढून पुन्हा वाचला. जाऊबाईंचं म्हणणं त्या ओळीत आहे. मी ती ओळ लिहिली तेव्हा हे माझ्या मनात नव्हतं. दुसऱ्या प्रश्नापुढच्या रकान्यात सहा हा आकडा लिहिला.